वहीत माप आहे, तरी दुसरा कुर्ता बसत का नाही?

पत्र

मी नऊ वर्षं घरून शिलाई करते. सगळ्यांची मापं वहीत तारखेवार लिहिते. तरी नेहमीच्या बायकांचंच काम परत परत अल्टरला येतं. एक उदाहरण सांगते. एका ताईंचा कुर्ता शिवला, वहीत छाती ३९ लिहिलीय. ट्रायलला काखेत ओढत होता म्हणून बाजू सोडून दिल्या, मग एकदम छान बसला, त्या खूश. दुसरा त्याच मापानं शिवला तर परत तिथंच ओढला. म्हणून तिसरा जरा बघून केला तर चक्क ढगळ! त्या म्हणतात, माझं अंग तर तेच आहे, आणि माप तुमच्याकडं आहे ना, मग दर वेळी टेप कशाला लावता? आता वाटतंय प्रत्येकीचं वेगळं कार्ड करावं. पण दोनशेच्या वर बायका आहेत, कार्डावर नेमकं काय लिहायचं, आणि मुलगा म्हणतो कार्ड नको, मोबाईलमध्ये अ‍ॅप टाक. काय करू?
— वहीला कंटाळलेली

उत्तर

ताई, कार्ड जरूर करा, पण त्याआधी एक विचारते, रागावू नका. तुमच्या वहीतली ती ३९ आहे ना, ती नेमकी कशाची आहे? त्या ताईंच्या अंगाची, का शिवून तयार झालेल्या कुर्त्याची?

आत्ता वही उघडून बघितली तरी कळणार नाही, कारण तिथं नुसतं "छाती ३९" आहे. लिहिताना तुम्हाला माहीत होतं, चार महिन्यांनी नाही. माझा अंदाज असा, की ती तयार मापाची आहे. अंग ३६ किंवा साडेछत्तीस असणार, त्यात अडीच-तीन इंच लूजिंग धरून तुम्ही ३९ लिहिलं आणि कापलं. मग ट्रायलला बाजू सोडल्या. किती सोडल्या ते लिहिलंय का? नसणार. म्हणजे जो कुर्ता छान बसला तो ३९ चा नव्हताच मुळी, पण वहीत ३९ तसंच राहिलं. दुसरा तुम्ही इमानदारीत ३९ चा कापला, म्हणजे पहिल्याच ट्रायलला जो घट्ट होता तोच परत शिवला. आणि तिसऱ्याला तुम्ही वैतागून म्हणालात, ३९ घट्ट होतंय म्हणजे अंगच ३९ असेल, आणि त्यात वर लूजिंग धरलं. ४२ झालं की हो ते! ढगळ होणार नाही तर काय.

थोडक्यात त्या बाईंचं अंग बदललं नाही आणि तुमची टेपही चुकली नाही. माप नीट घेतलेलं होतं, फक्त शेवटी काय झालं ते कुठंच उतरलं नाही. म्हणून नुसती वही सोडून कार्ड केलं किंवा अ‍ॅप टाकलं आणि तिथंही "छाती ३९" च लिहिलं तर हेच परत होणार, फक्त सापडायला सोपं होईल.

कार्डावर प्रत्येक मापापुढं तीन रकाने करा. पहिला अंग, म्हणजे टेप अंगाला लावून जे आलं ते, काही न मिसळता. दुसरा कापलं, म्हणजे लूजिंग धरून तयार किती ठेवायचं ठरवलं ते, मार्जिन सोडून. तिसरा दिलं. हा तिसरा ट्रायल, अल्टर सगळं उरकल्यावर, कपडा कस्टमरच्या हातात जायच्या आधी भरायचा, आणि तो आठवणीनं किंवा बेरीज करून भरायचा नाही, कपडा टेबलावर सपाट पसरून मोजून भरायचा. काखेच्या एक इंच खाली, एका बाजूच्या शिलाईपासून दुसऱ्या बाजूच्या शिलाईपर्यंत, गुणिले दोन. इस्त्रीच्या आधी का नंतर हे एकदा ठरवून टाका आणि मग तेच करा, मी इस्त्रीनंतर मोजते.

सपाट मोजायचं एवढ्यासाठी म्हणते की बाजू सोडल्याचा हिशोब भल्याभल्यांचा चुकतो. आपण म्हणतो "पावच इंच सोडलं". पण बाजूच्या शिलाईत पुढचा आणि मागचा असे दोन पदर असतात, शिलाई पाव इंच बाहेर घेतली की पुढं पाव वाढतं आणि मागंही पाव, म्हणजे एका बाजूला अर्धा इंच, आणि दोन्ही बाजू धरून पूर्ण एक इंच. शिवाय तीच शिलाई सरळ बाहीत नेली असेल तर दंडातही अर्धा इंच वाढला. आता वहीत "पाव सोडलं" असं लिहिलं, तर पुढच्या वेळी घाईत तुम्ही ३९ चे सव्वा एकोणचाळीस करून मोकळ्या व्हाल, आणि कुर्ता परत ओढेल, आणि मग वाटेल नोंद ठेवूनही उपयोग नाही. सपाट मोजलं की हा घोळ राहत नाही, २० आलं तर ४०, विषय संपला.

तर त्या ताईंचं कार्ड मी भरलं असतं तर छातीची ओळ अशी दिसली असती (आकडे अंदाजाचे हं, खरे तुम्ही मोजून भरा):

छाती: अंग ३६½, कापलं ३९, दिलं ४०. ट्रायलला छातीवर आडव्या ओढी, दोन्ही बाजू पाव-पाव सोडल्या, बाहीसकट.

आता चौथा कुर्ता शिवायचा झाला तर डोकं चालवायलाच नको, ४० चा कापायचा. आणि खरी कामाची गोष्ट म्हणजे ४० वजा साडेछत्तीस, साडेतीन इंच. ह्या बाईंना कुर्त्यात साडेतीन इंच लूजिंग आवडतं. हा आकडा त्यांचा आहे, अंग थोडं वाढलं-कमी झालं तरी तो बहुतेक तसाच राहतो. दोन वर्षांनी अंग ३८ आलं तर साडेएकेचाळीस कापा, अंदाजपंचे नाही. म्हणून पहिला रकाना पण लागतो. नुसतं तयार माप ठेवून चालत नाही, अंग बदललं की ते आंधळं होतं.

बरं, त्या ओळीत मी "आडव्या ओढी" असं लिहिलंय ते मुद्दाम. "काखेत घट्ट" हे कस्टमरचे शब्द, पण काखेत घट्ट वाटायची कारणं तीन-चार निघतात, आणि आपण काय केलं हे कळायला नेमकी सुरकुती कुठं होती हे लिहावं लागतं. छातीवर ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आडव्या ओढी आल्या तर छातीतच कमी पडलंय, बाजू सोडा. दंडाभोवती बांगडीसारख्या गोल सुरकुत्या असतील तर बाहीत कमी आहे, बाजू सोडून काही होणार नाही. हात पुढं घेतल्यावर पाठीवर ताण येत असेल तर पाठ अरुंद कापली गेलीय. आणि पुढून, दंड जिथं अंगाला मिळतो तिथं कापड गोळा होऊन टोचत असेल तर पुढचा मुंढा थोडा जास्त कोरायला हवा होता. ह्या सगळ्यावर एकच औषध म्हणून मुंढा खाली उतरवायची सवय बऱ्याच जणींना असते (मलाही होती), पण त्यानं होतं काय, काखेत तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं आणि हात वर केला की अख्खा कुर्ता वर ओढला जातो. म्हणून कार्डावर "मुंढा ठीक केला" असं कधी लिहू नका. "पुढचा मुंढा ¼ कोरला, खाली उतरवला नाही" असं लिहा.

मुंढ्याचा आणखी एक त्रास आहे. गोलाई आकड्यात मावत नाही. १७ इंच मुंढा पुढून खोल कोरलेलाही असू शकतो आणि सपाटही, टेपला दोन्ही सारखेच. म्हणून ज्या बायका वर्षातनं चार-पाच वेळा येतात त्यांच्यासाठी मी कार्डासोबत जाड कागदावर पुढच्या मुंढ्याचा आणि गळ्याचा आकार उतरवून ठेवते, अख्खं पॅटर्न नाही, तेवढा तुकडा फक्त. त्यावर कार्डाचा नंबर, आणि मोठ्या अक्षरात "मार्जिन धरून" किंवा "मार्जिन सोडून". हे लिहायचं राहिलं तर तो कागद न ठेवलेला बरा.

आता आवडीनिवडी. तुम्ही पत्रात फक्त मापांचं लिहिलंय, पण अल्टरला येणारं निम्मं काम मापाचं नसतंच, "मला असं नको होतं" ह्याचं असतं. इथं एक पथ्य पाळा, कस्टमरचा शब्द जसाच्या तसा लिहा आणि पुढं त्याचे इंच किंवा अंगावरची खूण लिहा. माझी एक चूक सांगते. एका बाईंच्या कार्डावर मी लिहिलं होतं "बाही थोडी लांब हवी". पुढच्या वेळी मी तेच वाचून नेहमीपेक्षा इंचभर लांब केली, आणि त्या म्हणाल्या हे काय, हातावर येतंय सगळं! त्यांना मनगटाचं हाड झाकलं जाईल एवढीच हवी होती. "थोडी" त्यांची वेगळी, माझी वेगळी, आणि तीन महिन्यांपूर्वीच्या माझीही वेगळी. आता मी लिहिते: "बाही थोडी लांब" = मनगटाचं हाड झाकलं पाहिजे, दिली २१½. गळ्याचंही तसंच. "जास्त मोठा नको" ह्याला काही अर्थ नाही, "पुढचा गळा खांद्यापासून ६, वाकल्यावर उघडा पडत नाही ते बघितलं" ह्याला आहे.

आणि नको असलेल्या गोष्टी हव्या असलेल्यांपेक्षा जास्त जपून लिहा, कारण हवं ते कस्टमर स्वतः सांगते, नको ते तिला वाटतं आपल्या लक्षात असेल. मागं झिप नको. कॅनव्हास टोचतो. अस्तर फक्त पाठ-पुढचं, बाहीला नको. असलं सगळं. ही ओळ कार्डावर लाल पेननं, सगळ्यात वर. कापड अंथरून खडू हातात घेतल्यावर पहिली नजर तिथं गेली पाहिजे.

अंगाच्या वळणाबद्दल लिहिताना मात्र जरा जपून. उजवा खांदा थोडा उतरता असतो, कुणी पुढं झुकून उभी राहते म्हणून पाठ लांब लागते आणि पुढचं कमी. हे लिहायलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी परत ट्रायलला कळणार. पण असं लिहा की उद्या ते कार्ड त्या बाईंनी उचलून वाचलं तरी त्यांना वाईट वाटणार नाही. "पोट आहे" नाही, "पुढची लांबी ½ जास्त". "खांदे पडलेले" नाही, "उजवा खांदा ³⁄₈ खाली, उजवीकडं उतार वाढवला". शिवायला दुसरंच जास्त उपयोगी, कारण त्यात काय करायचं ते आहे. मी कार्डाच्या मागं पुढची-पाठची साधी दोन चित्रं काढते, चौकोन आणि दोन हात एवढंच, आणि त्यावर बाण करून लिहिते. आणि कार्डं डब्यात, टेबलावर पसरलेली नकोत, एकीची मापं दुसरीनं वाचायची नसतात.

दोन-तीन गोष्टी अशा आहेत ज्या माप नाहीत पण त्यांच्याशिवाय माप खोटं पडतं. एक म्हणजे माप घेताना आत काय घातलं होतं. आतले कपडे बदलले की छाती तर बदलतेच, शिवाय टक्स जिथं संपायला हवा ती जागा वर-खाली होते, म्हणून "रोजचं" किंवा "पॅडचं" एवढं लिहून ठेवा. दुसरं, कापड कुठलं. ताणणाऱ्या कापडाचं "दिलं" माप साध्या सुती कापडाला लावलं तर हमखास घट्ट होणार, कारण तिथं लूजिंग कमी ठेवूनही कापडानं सांभाळून घेतलेलं असतं. म्हणून ताणाच्या कापडासाठी त्याच कार्डावर वेगळी ओळ. तिसरं, कापड धुऊन घेतलं होतं का. सुती कापड न धुता शिवलं आणि ४२ ची लांबी दिली, तर पहिल्या धुण्यानंतर ती ४१ ही होऊ शकते. मग कस्टमर म्हणते मागच्यापेक्षा आखूड हवा, तुम्ही कार्ड बघून ४२ तून कमी करता, आणि ती मात्र घरातल्या ४१ बद्दल बोलत असते. शंका असली तर कापडावर उभ्या धाग्याच्या दिशेनं २० इंचांच्या खुणा धाग्यानं घाला, धुवा, वाळवा, इस्त्री करा, परत मोजा. सव्वाएकोणीस आलं तर २० ला पाऊण इंच आटतंय, म्हणजे ४२ ला दीड इंचापेक्षा जास्त जाणार. असं कापड आधी अख्खं धुऊनच घ्यावं, वाढीव कापून अंदाज बांधत बसण्यापेक्षा.

आता त्या "दर वेळी टेप कशाला" ह्याबद्दल. त्यांचं अर्धं बरोबर आहे, सगळी मापं परत घ्यायची गरज नाही. खांदा, पाठ, बाहीची लांबी ही मोठ्या माणसाची सहसा लवकर बदलत नाहीत. छाती, कंबर, सीट आणि दंड, चारच घ्या, आणि सरळ सांगा, तुमचं कार्ड आहे, चारच मापं तपासते. कुणी नाही म्हणत नाही. पण तपासताना कार्ड आधी वाचू नका हां, आधी टेप लावा मग कार्ड बघा, नाहीतर हात आपोआप जुन्या आकड्यावर टेप ओढतो. आलेला फरक अर्धा इंच किंवा कमी असेल तर सोडून द्या, तेवढा फरक श्वासाचा आणि टेप किती ओढली ह्याचा असतो. इंच किंवा जास्त आला तर घेर-रुंदीची सगळी मापं नवीन घ्या, नवीन तारीख टाका. मधलं काही आलं, म्हणजे पाऊण वगैरे, तर परत एकदा मोजा आणि तेव्हाही तेवढंच आलं तर नवीन धरा. जुना आकडा खोडू नका, शेजारी लिहा. आणि हो, तुमची टेप एकदा स्टीलच्या पट्टीला लावून बघा. वापरून वापरून टेप लांबते, शिवाय पुढचं टोक झिजून कापलेलं असतं, मग दोन टेपांची दोन मापं येतात आणि आपण कस्टमरला म्हणतो तुम्ही बारीक झालात.

वाढत्या वयाची मुलं आणि बाळंतपणाच्या मागची-पुढची बाई, ह्यांच्या कार्डावरची मापं मात्र धरायचीच नाहीत, दर वेळी सगळी घ्या. त्यांच्या कार्डाचा उपयोग फक्त लूजिंग आणि आवडीनिवडीपुरता.

दोनशे जणींचं काय? वही उतरवून काढू नका, प्लीज. त्यातला निम्मा आकडा अंगाचा का तयार हेच माहीत नाही, ते सुंदर अक्षरात कार्डावर आलं की खरं वाटायला लागतं. ज्या दिवशी जी बाई येईल त्या दिवशी तिचं कार्ड. जुना आकडा हवाच असेल तर कोपऱ्यात बारीक लिहून पुढं प्रश्नचिन्ह. कार्डाला नावापेक्षा नंबर द्या, एकाच नावाच्या चार-पाच बायका असतातच, आणि वहीत मागं नाव-नंबरची यादी ठेवा. कार्ड जाड कागदाचं, हातभर मोठं नको, पोस्टकार्डाएवढं पुरतं, आणि वर भोक, म्हणजे कापताना डोळ्यासमोर खिळ्याला अडकवता येतं.

मुलाच्या अ‍ॅपला माझा विरोध नाही. शोधायला मोबाईल चांगलाच. पण कापताना हाताला खडू, टेबलावर कापड, मोबाईलची स्क्रीन दर मिनिटाला बंद, आणि मधेच फोन येतो. मी कार्ड कागदाचंच ठेवते आणि तिसरा रकाना भरून झाला की कार्डाचा फोटो काढून ठेवते, हरवलं भिजलं तर असावा म्हणून. मुलाला सांगा अ‍ॅप घ्यायचंच तर आधी बघ त्यात एका मापाला तीन आकडे लिहिता येतात का. जिथं एकच जागा असते तिथं तुमचं परत ३९ होणार.

आणखी एक, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. पंधरा-वीस कार्डं भरली की एक दिवस ती शेजारी शेजारी मांडून फक्त दुसरा आणि तिसरा रकाना बघा. मी मांडली तेव्हा निम्म्याहून जास्त कार्डांवर "पुढचा मुंढा ¼ कोरला" होतं, वेगवेगळ्या बायका, बारीक, जाड, सगळ्या! आता एवढ्या सगळ्यांच्या अंगात एकच खोड कशी असेल, खोड माझ्या फर्म्यात होती. शिकले तेव्हापासून मी तोच मुंढा कापत होते आणि प्रत्येकीला ट्रायलला दुरुस्त करत होते. फर्मा बदलला. तुमच्याकडं "काखेत ओढतो" हे इतरही बायकांच्या बाबतीत होतं का, ते पत्रात नाही, पण मला शंका आहे. दोन-तीनच जणींचं असेल तर त्यांच्या कार्डापुरतं ठेवा. दहातल्या सहा-सात जणींचं असेल तर कार्डावर नाही, फर्म्यावर खडू लावा.

सुरुवात त्याच ताईंपासून करा. त्यांना फोन करून पहिला कुर्ता, तो छान बसलेला, घेऊन यायला सांगा. धुतलेला असेल तर तसाच चालेल, उलट बरंच, तो आटून जे व्हायचं ते झालेलं असणार, फक्त कार्डावर "धुतल्यानंतर मोजला" लिहा. अंगाची मापं नव्यानं घ्या, कुर्ता पसरून मोजा, मधला रकाना रिकामा राहिला तर राहू दे. आणि तिसऱ्या ढगळ कुर्त्याच्या बाजू आत घेऊन द्याल तेव्हा त्याचे पैसे घेऊ नका, तो घोळ आपला होता.